चार दिवस आणि चौसष्ट तास

शनिवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळचे साडेपाच.

हजर: मी. माझे यजमान, मालवाहू जहाजावरचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, पंधरवड्यापूर्वी घरी आलेले. सासूबाई. आणि राजिवड्याचे चाचा, तेही जुने सारंग, आता निवृत्त. ह्यांना बोटीवर पहिली नोकरी मिळाली ती चाचांच्या शब्दावर.

वहीत एवढंच लिहून मी पेन खाली ठेवलं, कारण पुढे काय लिहायचं ते सुचेना. मला असं सहसा होत नाही. सतरा वर्षं पतपेढीत काम करते, आणि घरातही वाणसामानापासून ह्यांच्या मेडिकलच्या तारखांपर्यंत सगळं वहीत असतं. त्या दिवशी घरातला प्रश्न माझ्या वहीमुळेच उभा राहिला होता.

झालं ते असं. हे ११ मेला जहाजावर चढले आणि २० जानेवारीला उतरले. जानेवारीच्या शेवटी कंपनीचा शेवटचा हिशेब मेलवर आला. दर महिन्याला घरी पैसे येतात ते मूळ पगार आणि ओव्हरटाइमचे. रजेचा पगार मात्र ही कंपनी राखून ठेवते आणि माणूस उतरल्यावर एकदम देते. त्यामुळे शेवटच्या हिशेबाकडे आम्ही डोळे लावून बसतो. त्या कागदावर लिहिलं होतं: जहाजावरचे दिवस २५१.

माझ्या वहीत होते २५५.

हे निघाले की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक तिरकी रेघ मारते. रेघ चुकलेली नाही. मे महिन्याचे एकवीस, जूनचे तीस, जुलैचे एकतीस, असं करत जानेवारीचे वीस. तीनदा बेरीज केली. दोनशे पंचावन्नच. महिन्याला एकूण सोळाशे डॉलर, म्हणजे दिवसाला त्रेपन्न डॉलर तेहतीस सेंट. चार दिवसांचे दोनशे तेरा डॉलर. ठेवीवरचं व्याज आम्ही दिवस मोजून देतो, तिथे एक दिवस इकडचा तिकडे झाला तर सभासद काउंटरवर येऊन उभा राहतो. मग माझ्या नवऱ्याचे चार दिवस कोणी का खावेत?

मी मेल लिहिला. ह्यांचे सगळे मेल मीच लिहिते, ह्यांच्याच आयडीवरून. जहाजावर असताना तर तसं करणं भागच असतं. हे त्या दिवशी मालगुंडला मावशीकडे गेले होते. मी थांबले नाही. मेल चांगला कडक झाला. त्यात ‘कामगाराच्या घामाचे चार दिवस हिशेबातून गाळण्यात आले आहेत’ असं एक वाक्य होतं. त्या वाक्यावर मी खूश होते.

आठवडा गेला. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून पगार पाहणाऱ्या बाईंचा फोन आला, ह्यांच्या मोबाइलवर. मी भाकऱ्या थापत होते. हे पडवीत गेले आणि बराच वेळ फक्त ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’ एवढंच ऐकू येत होतं. आत आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“मी कुठले चार दिवस मागितले?” त्यांनी विचारलं.

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं. त्यांनी मेल उघडून उभ्याउभ्या वाचला.

“घामाचे चार दिवस,” ते म्हणाले. “मी असं बोलतो?”

“पण ते खरं आहे.”

“ती बाई म्हणते, आरोप लेखी मागे घ्या. हिशेबावर सही करा, आणि ‘माझं काही येणं बाकी नाही’ असं पत्र जोडा. सोमवार दुपारपर्यंत. मंगळवारी एप्रिलच्या जहाजाची माणसं ठरणार. सारंगाच्या जागेला तिच्याकडे तीन नावं आहेत.”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बोलता आलं असतं. रात्री जेवताना सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, “बोटीवर अडीचशे दिवस काढून आला, घरात वीस दिवस नाय झाले आणि तोंडं फिरली. परत पाठवा बोटीवर.”

“तेच धड होईल का ते बघतोय, आई,” हे म्हणाले.

म्हणून शनिवारी चाचा आले.

चाचांनी चहा घेतला, खिशातून चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “काँट्रॅक्ट आण, बाय. हिशेब नको. आधी काँट्रॅक्ट.”

मी फाइल आणली. आमच्याकडे ह्यांच्या प्रत्येक फेरीची वेगळी फाइल आहे, रंगानुसार. ही हिरवी. चाचांनी पहिल्या पानावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मूळ पगार आठशे बत्तीस. ठरीव ओव्हरटाइम एकशेतीन तासांचा, पाचशे पंधरा. रजेचा पगार ठरीव, दोनशे त्रेपन्न. एकूण सोळाशे.

“हे एकशेतीन तास म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? कमी भरले तरी पैसे तेवढेच. जास्त भरले तर वरच्या तासाला पाच डॉलर वेगळे. आणि रजेचे दोनशे त्रेपन्न. ते ओव्हरटाइमने वाढत नाहीत. मूळ पगारावर धरून एकदाच ठरवलेले असतात.”

“ठाऊक आहे,” मी म्हणाले. “माझं भांडण दिवसांचं आहे.”

“मग पान उलट.”

चौथ्या पानावर, बारीक अक्षरात, ते वाक्य होतं. मी ती फाइल निदान दहा वेळा हाताळली असेन. महिना तीस दिवसांचा धरला जाईल. पुरा महिना काम केल्यास पुरा मासिक पगार, अपुऱ्या महिन्याचे तेवढे दिवस भागिले तीस.

चाचांनी कॅलेंडर मागितलं. स्वयंपाकघरातून खिळ्यासकट आलं. “मे अपुरा, एकवीस दिवस. जानेवारी अपुरा, वीस. मध्ये किती महिने?”

“सात.”

“सात गुणिले तीस?”

दोनशे दहा अधिक एक्केचाळीस. दोनशे एक्कावन्न. जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांत एकतिसावा दिवस आहे. माझे चार दिवस ते होते. कोणी खाल्ले नव्हते. महिन्याचा पगार एकतीस तारखेला वाढत नाही, एवढीच गोष्ट. माझ्या स्वतःच्या पगाराचंही तसंच आहे. तो मी कधी दिवसांनी मोजला नाही.

“मागच्या फेरीत फेब्रुवारी होता ना?” चाचांनी ह्यांना विचारलं.

“होता.”

“अठ्ठावीस दिवस राबलास, तीस दिवसांचे घेतलेस. तेव्हा मेल केलास काय, की दोन दिवसांचे परत घ्या म्हणून?”

सासूबाई हसल्या. ह्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला हसू येईना. ‘घामाचे चार दिवस’ हे शब्द मुंबईत कुणाच्या तरी टेबलावर छापून पडलेले मला दिसत होते, खाली ह्यांचं नाव.

मी म्हणाले, “मेल मी मागे घेते. माझ्या नावाने. चूक माझी, हे लिहिते.”

“लिही,” हे म्हणाले. “आणि ते दुसरं पत्रही लिही. काही येणं बाकी नाही. सही करतो. संपवून टाकू.”

कॅलेंडर अजून माझ्या मांडीवर होतं. ते परत खिळ्याला लावायचं म्हणून उठले आणि पानं सरळ करताना नोव्हेंबरवर हात थांबला. रेघेशेजारी मी फोनचीही नोंद ठेवते, एका शब्दात. ह्यांचा फोन बहुधा रात्री जेवणानंतर येतो. नोव्हेंबरच्या वीस तारखेपासून पुढे शब्द होते: नाही. नाही. दोन मिनिटं. नाही. झोपले बोलता बोलता. नाही. डिसेंबरच्या बारा तारखेपर्यंत तसंच.

“या दिवसांत काय चाललं होतं?” मी विचारलं.

“होल्ड धुणं. सांगितलं होतं तुला.”

“धुणं सांगितलं होतं. तास नव्हते सांगितले.”

हे उठून पाणी प्यायला आत गेले. चाचा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पाणी पिऊन माणूस जेवढ्या वेळात येतो त्याच्या दुप्पट वेळ लागला.

“सारंगाची छोटी वही असेल की तुझ्याकडे,” ते परतल्यावर चाचा म्हणाले. “का तीही बोटीवर ठेवून आलास?”

वही बॅगेत होती. बॉयलर सूटच्या खिशात मावणारी, तेलाचे डाग पडलेली. त्यात रोज कोणाला कुठलं काम दिलं आणि कधी सुरू, कधी बंद, हे लिहिलेलं. अक्षर खराब, पण एकही दिवस सुटलेला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात नोंदी ठेवणारी मी एकटीच.

मग त्यांनी सांगितलं, तुकड्या-तुकड्याने. जहाजाने कोळसा उतरवला होता आणि पुढे गहू भरायचा होता. सात होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली माल भरायची कोठारं. गव्हासाठी होल्ड इतके स्वच्छ लागतात की तपासणारा पांढरं फडकं फिरवतो. पहिल्या तपासणीत तीन होल्ड नापास झाले. पुन्हा शिडीवर, पुन्हा पाण्याचा मारा, पुन्हा खरवडणं. सारंग धरून डेकवरचे सहा जण. सोळा-सोळा तास.

“आणि चोवीस तासांत दहा तास विश्रांती सक्तीची,” चाचा माझ्याकडे वळून म्हणाले. “सोळा तास कागदावर दिसले की बंदरात जहाज अडकवतात. म्हणून कागदावर दिसत नाहीत.”

“चीफ ऑफिसरने तासांचा तक्ता भरला,” हे म्हणाले. “विश्रांतीचे तास बरोबर दिसायला हवेत, म्हणून कामाचे कमी केले. कामाचे कमी झाले की ओव्हरटाइमही त्याच मापात. दोन्ही महिने एकशेतीन. म्हणाला, पुढे समुद्रात आराम देऊन भरून काढू.”

“दिला?”

“एक रविवार.”

मी वही घेतली, पॅड घेतलं आणि बेरीज केली. या वेळी करण्याआधी चाचांना विचारलं, काय धरायचं आणि काय सोडायचं. रोजचे आठ तास मूळ पगारात. रविवारचे सगळे तास ओव्हरटाइम. जेवणाची सुट्टी वजा. नोव्हेंबर: एकशे एक्केचाळीस. डिसेंबर: एकशे एकोणतीस. एकशेतीनच्या वर अडतीस आणि सव्वीस. चौसष्ट तास. पाच डॉलरने तीनशे वीस.

“हे मागायचं,” मी म्हणाले.

“नाही.”

“का?”

“माझी सही आहे तक्त्यावर.”

“सही करायला लावली.”

“मला लावली,” हे म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “बाकी पाच जणांना कोणी लावली? मी. तक्ते घेऊन खलाशांच्या मेसमध्ये मी गेलो. पेन माझं होतं. बुरोंडीचा तो आपला एबी आहे ना, गेल्या साली सुकी सुरमई देऊन गेलेला, तो म्हणाला, सारंगसाहेब, हे तास आमचे नाहीत. मी म्हणालो, कर सही, मी बघतो. आता मी माझे चौसष्ट मागू आणि त्यांचं काय सांगू? आणि सगळ्यांचं सांगितलं, तर मीच सांगतो की खोट्या तक्त्यावर मी सह्या गोळा केल्या.”

सासूबाईंनी कपबशा उचलल्या आणि जाताना मुलाच्या खांद्याला हात लावला.

एबी म्हणजे कसबी खलाशी. त्याचा तासाचा दर सारंगापेक्षा कमी, पण तास तेच. आता एकीकडे तीनशे वीस डॉलर होते आणि दुसरीकडे एप्रिलचं जहाज, इतका सोपा हिशेब मी पाच मिनिटांपूर्वी मांडला होता. तो तसा नव्हता. ‘मी बघतो’ हे शब्द ह्यांनी डिसेंबरपासून बरोबर आणले होते आणि बॅगेत, वहीसोबत, ठेवले होते. ‘काही येणं बाकी नाही’ या पत्रावर सही केली की ते कायमचे बुडणार होते.

“सही असली तरी वाट बंद होत नाही,” चाचा म्हणाले. “कठीण होते. विश्रांतीचा तक्ता खोटा करतात, डेकची लॉगबुक सहसा कोणी करत नाही. होल्ड धुणं कधी सुरू, कधी बंद, ते तिच्यात असतं. तपासणीचा कागद असतो, पहिला नापास, दुसरा पास, वेळेसकट. त्यांच्या शेजारी तुझी वही ठेवली की बोलते ती. पण तुझी एकट्याची नको. सहा जणांची नावं हवीत. एकटा सारंग ओरडला तर म्हणतील, बायकोने मेल केला, तो फसला, आता नवीन काढलंय.”

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं आणि ते खरं होतं. एकदा चुकीचे चार दिवस मागून मी ह्यांचे खरे चौसष्ट तास हलके करून ठेवले होते.

“मग सोमवारचं काय?” हे म्हणाले.

“हिशेबावर सही कर. जे मिळालं ते मिळालं, असं लिही. दोनशे एक्कावन्न दिवस बरोबर, रजेचे पैसे बरोबर. ‘काही बाकी नाही’ ते लिहू नकोस. खाली एक ओळ घाल, नोव्हेंबर-डिसेंबरच्या जादा ओव्हरटाइमबद्दल वेगळं लिहीन. शिव्या नकोत, घाम नको.”

“आणि जागा गेली तर?”

चाचांनी चष्मा खिशात घातला. “जाऊ शकते. मी खोटं कशाला सांगू? माझी एकदा गेली होती. आठ महिने घरी बसलो. तुझी चाची अजून बोलते.”

ते गेल्यावर मी माझा मेल लिहिला. पाच ओळी. आधीचा मेल माझ्या पतीच्या संमतीशिवाय मी लिहिला, तीस दिवसांच्या महिन्याचं कलम माझ्या वाचनातून सुटलं, चार दिवसांची मागणी आणि ते शब्द मागे घेते. रविवारी सकाळी ह्यांना वाचायला दिला. त्यांनी वाचला, ‘ठीक’ म्हणाले आणि मांडवीच्या धक्क्यावर निघून गेले. दुसऱ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. दुपारी जेवायला आले. संध्याकाळी परत गेले. मी पत्राचे दोन मसुदे केले, एक ‘काही बाकी नाही’ असं सांगणारा, एक चाचांच्या ओळीचा. दोन्ही छापून टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली ठेवले. कुठला वर ठेवायचा यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी शेजारी-शेजारी ठेवले.

सोमवारी मी पतपेढीत गेले. काउंटरवर एका सभासदाची पावती दोनदा चुकवली. साडेअकराला ह्यांचा फोटो आला मोबाइलवर. चाचांच्या ओळीचं पत्र, खाली सही. दुसरा कागद त्यात नव्हता. घरी गेल्यावर कळलं, सासूबाईंनी त्या दुसऱ्या कागदात लसूण बांधून ठेवला होता.

बाईंचं उत्तर चारच्या सुमाराला आलं. दोन ओळी. चार दिवसांचा विषय बंद. जादा ओव्हरटाइमचा दावा असल्यास नोंदींसह लेखी पाठवावा. एप्रिलच्या जहाजाबद्दल काहीच नव्हतं. मंगळवार गेला, बुधवार गेला, त्याबद्दल अजूनही काही नाही. हे रोज फोन पालथा घालून ठेवतात आणि रोज उलटून बघतात.

मी यादी केली. लॉगबुकच्या त्या तारखांची प्रत मागणारा अर्ज: लिहिला, पाठवला. तपासणीच्या दोन कागदांचे फोटो: एका खलाशाकडे होते, मिळाले. पाच जणांना फोन. हे काम ह्यांनी माझ्याकडे दिलं नाही. पडवीत बसून स्वतः केलं, प्रत्येकाला तेच सांगितलं: “सही मी घेतली होती, चूक माझी, आता नाव देतोस का?” दोघांनी लगेच दिलं. तिसरा आधी रागावला, मग दिलं. चौथा पुन्हा समुद्रावर आहे, त्याच्या बायकोने निरोप घेतला आणि त्याच्या तासांचे कागद आपणहून पाठवले. तीही नोंदी ठेवते म्हणे.

पाचवा बुरोंडीचा. तो फोन उचलत नाही. सहा वेळा लावला. सातव्यांदा त्याच्या वडिलांनी उचलला, म्हणाले, “तो घरातच आहे, पण बोलायचं नाय म्हणतो. सारंगसाहेबांनी यायला हवं, असं म्हणतो.”

“जातो,” हे म्हणाले.

दापोलीवरून गाडी आहे, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं. मी वेळ काढून ठेवली आहे, पिशवीत त्यांची छोटी वही आणि आमच्या दारच्या कोकमांचा डबा भरला आहे. पिशवी तीन दिवस दाराशी आहे. काल म्हणाले उद्या, आज म्हणाले वारा पडू दे. बसला वाऱ्याचं काय, ते मी विचारलं नाही.

वहीत सगळ्या ओळींवर रेघ आहे. एकीवर नाही: बुरोंडीला जाऊन यायचं.